पाचवं रीडिंग

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडपडदा नको. हेवा म्हणजे नुसता असा-तसा नाही. ती शनिवारी विभागाच्या दारातून आत आली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. एकेचाळीस वर्षांची बाई मी, धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात अठरा वर्षं फिजिक्स शिकवलेली, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळत होते. लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण जळणं काही थांबत नव्हतं.

मी नोकरी सांभाळून पीएचडी करत होते. दर शनिवारी सकाळची एसटी पकडायची, पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरायचं, विद्यापीठात गाइड सरांसमोर आठवडाभराचं काम ठेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ती मात्र पूर्ण वेळ तिथेच. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, फेलोशिप मिळालेली, हॉस्टेलवर राहणारी. मला एक प्रोग्राम लिहायला तीन शनिवार लागायचे, ती चहा निवेपर्यंत लिहून मोकळी. वर पुन्हा गोड. "ताई, तुमच्यासाठी घरच्या केळीचे वेफर्स आणलेत," म्हणून डबा पुढे करायची. आगाऊ असती तर बरं झालं असतं. गोड माणसाचा राग करायला फार मेहनत पडते हो.

आणि सर! वीस वर्षांत कुणाला 'छान' म्हणाले नसतील असा माणूस. तिचा आलेख बघून एकदा म्हणाले, "अगं, हे कसं सुचलं तुला?" झालं. त्या दिवशी एरंडोल येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला सरांनी आजवर एकच प्रश्न विचारला होता: "गाडी वेळेवर होती का?"

आमचं काम सिलिकॉनमधल्या स्पिन क्यूबिटवर होतं. घरी हे सांगायची सोय नव्हती. माझ्या आईचा प्रश्न ठरलेला, "बठ्ठं बरं शे ना, माय?" मी म्हणायचे, शे, सगळं बरं आहे. पण एकदा स्टाफरूममध्ये कॉमर्सच्या मॅडमनी हट्टच धरला, की नेमकं करतेस तरी काय. मी खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवलं.

सिलिकॉनचा तुकडा घ्यायचा. त्याच्यावर अगदी बारीक धातूच्या पट्ट्या, त्यांना म्हणायचं गेट. गेटना योग्य तेवढा विजेचा दाब दिला की खाली सिलिकॉनमध्ये एक खळगा तयार होतो. दिसणारा खळगा नव्हे, ऊर्जेचा. त्यात नेमका एकच इलेक्ट्रॉन अडकवता येतो. हाच क्वांटम डॉट. खळग्याची रुंदी चाळीस-पन्नास दशलक्षांश मिलिमीटर, म्हणजे तुमच्या मोबाइलमधल्या चिपवरच्या भागांच्याच मापात. हे सगळं ठेवायचं भयंकर थंडीत, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. मग चुंबकीय क्षेत्र लावलं की त्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या अंगच्या इवल्याशा चुंबकाला, दोनच जागा उरतात. खाली, ही कमी ऊर्जेची. वर, ही जास्त ऊर्जेची. खाली म्हणजे शून्य, वर म्हणजे एक. झाला की नाही तुमचा बिट? फरक इतकाच की मायक्रोवेव्हचा नेमका झटका दिला तर हा इलेक्ट्रॉन शून्य आणि एक या दोन्हींचं मिश्रण होऊन राहू शकतो, आणि म्हणून तो नुसता बिट नाही, क्यूबिट, उद्याच्या क्वांटम संगणकाची वीट.

"पण एवढ्याशा इलेक्ट्रॉनचं वर की खाली बघायचं कसं?" मॅडमनी विचारलं. चांगला प्रश्न. स्पिन सरळ दिसतच नाही. म्हणून युक्ती करायची. खळग्याची पातळी अशी ठेवायची की स्पिन वर असेल तर इलेक्ट्रॉनपाशी बाहेर निसटण्याइतकी ऊर्जा असेल आणि खाली असेल तर नसेल. शेजारी एक पहारेकरी बसवायचा, विजेचा भार ओळखणारा सेन्सर. इलेक्ट्रॉन निसटला, की सेन्सरच्या रेषेत टपकन उडी दिसते. उडी आली, स्पिन वर होता. नाही आली, खाली होता.

"मग चिपच्या कारखान्यांना यात काय एवढा रस?"

रस असणारच ना. क्यूबिट बनवायच्या दुसऱ्याही रीती आहेत, पण हा बनतो सिलिकॉनवर, आणि सिलिकॉनवर बारीक रेघा मारण्यात या कारखान्यांचा सगळा जन्म गेलेला. तीच मोठी चकती, तीच छपाई, तोच ऑक्साइडचा थर, तेच कारागीर. डॉट इतका लहान की एका चिपवर लाखोंनी मावतील. शिवाय सिलिकॉन शुद्ध करून त्यात ज्यांच्या गाभ्याला स्वतःचा स्पिन नाही तेवढेच अणू ठेवता येतात. आजूबाजूला गलबला नसला की इलेक्ट्रॉन आपली अवस्था जास्त वेळ टिकवतो. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: एक डॉट दुसऱ्यासारखा निघत नाही. सिलिकॉन आणि वरचा थर जिथे भेटतात तिथे एखाद-दुसऱ्या अणूचा खडबडीतपणा असला तरी डॉटचा स्वभाव बदलतो.

मॅडम म्हणाल्या, "अगं बाई! आणि हे सगळं तू हाताने करतेस?"

तिथेच दुखत होतं माझं. मी काहीच हाताने करत नव्हते. त्या थंडीचं यंत्र मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. सेन्सरच्या रेषेतली ती उडी मी कागदावर हजारदा पाहिली होती, घडताना एकदाही नाही. आमच्याकडे यायच्या त्या फायली. युरोपातल्या एका प्रयोगशाळेशी सरांचे जुने संबंध. ते मोजायचे, आम्ही विश्लेषण करायचो. अठरा वर्षं मी पोरांना स्पिन फळ्यावर बाण काढून शिकवला, एक वर, एक खाली. देवाशपथ सांगते, कधी कधी माझा माझ्यावरच विश्वास बसत नसे.

आणि त्या वर्षी तिकडून निरोप आला, की एका संशोधकाला सहा महिने तिथे येऊन प्रत्यक्ष मोजमापात बसता येईल. एका. सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाले, "एकच फाइल दोघींना देतो. पंधरा दिवसांनी शनिवारी तिकडचे प्रमुख व्हिडिओवर असतील. आपापलं मांडा. ते ठरवतील."

मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. तिला अजून दहा संधी येतील. मला येणार नव्हत्या. हे मी तिला तेव्हाच मोकळेपणाने बोलून दाखवलं असतं तर? ती बहुतेक बाजूला झाली असती. म्हणूनच बोलले नाही. भीक घ्यायची नव्हती मला, जिंकायचं होतं.

फाइलमध्ये एका डॉटची मोजमापं होती. स्पिन वर करून ठेवायचा, थोडं थांबायचं, मग बघायचं, अजून वरच आहे की खाली घसरला. असं हजारो वेळा केलं की तो सरासरी किती वेळ टिकतो ते निघतं. तो काळ सात वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांना मोजलेला. सात क्षेत्रं, सात रीडिंग. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की टिकण्याचा काळ हळूहळू कमी होत जातो, हे कुठल्याही पुस्तकात आहे. सात ठिपक्यांतून एक उतरती रेघ यायला हवी.

पहिल्या शनिवारी मी फाइल अजून उघडलीही नव्हती. ती मात्र लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, एक विचारू? हे पाचवं रीडिंग बघा ना. बाकीचे बरोबर उतरताहेत. हे एकदम खड्ड्यात. सहावं परत वर येतंय. मी दोनदा हिशेब करून पाहिला, तेच येतंय. काय करू?"

मी बघितलं. चार ठिपके शहाण्यासारखे उतरत होते, पाचवा धाडकन खाली. इतरांचा काळ सेकंदाच्या आसपास, याचा काही मिलिसेकंद. सहावा, सातवा पुन्हा रेघेवर.

आता आमच्या प्रॅक्टिकलची रीत सांगते. बीएस्सीच्या पोराने डायोडचा आलेख काढला, त्यात एक ठिपका भलतीकडे गेला, तर मी काय सांगते? "रीडिंग चुकलंय, खोडून टाक, स्मूथ कर्व्ह काढ." बाहेरून परीक्षक येतो, त्याला जर्नलमध्ये गुळगुळीत रेघ लागते. वाकडी दिसली की मार्क गेले. मलाही माझ्या सरांनी हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या. खानदेशातल्या प्रत्येक लॅबमध्ये खोडरबर आहे आणि तो याच कामाला झिजतो. अठरा वर्षं हे वाक्य मी रोज म्हटलेलं. हात आपोआप हलला.

"काढून टाक," मी म्हणाले. "सेन्सर गडबडला असेल. सहाची छान रेघ येते."

"पण ताई, दोनदा..."

"अगं, किती मनावर घेतेस! रीडिंग चुकतात. काढ ते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हसली. "तुम्ही म्हणताय तर काढते." आणि माझ्यासमोर तो ठिपका पुसला.

त्या क्षणी मी कपटाने बोलले नव्हते. हे मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ती चूक होती, सवयीची, आळसाची. पुढचं मात्र चूक नव्हतं.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर रिकाम्या लॅबमध्ये मी फाइल उघडली. पाचवं रीडिंग माझ्याकडेही खड्ड्यात. मी खोडायला निघाले आणि थबकले. मोजमापाच्या मूळ नोंदी त्यात होत्या, हजारो उड्या. सेन्सर गडबडला असता तर उड्याच विचित्र दिसल्या असत्या. त्या स्वच्छ होत्या. सेन्सर ठणठणीत होता. म्हणजे स्पिन खरोखरच घाईने खाली येत होता, आणि फक्त त्याच एका क्षेत्राला.

मग डोक्यात उजेड पडला. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला स्पिनखेरीज आणखी एक दुहेरी जागा असते, तिला व्हॅली म्हणतात. दोन व्हॅलींमध्ये ऊर्जेचं छोटंसं अंतर असतं, एक पायरीच म्हणा. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की स्पिनची पायरी उंच होत जाते, व्हॅलीची तेवढीच राहते. दोन्ही पायऱ्या सारख्या उंचीच्या झाल्या की त्या एकमेकींत मिसळतात, आणि वरच्या स्पिनला खाली उतरायला आयती वाट मिळते. तिथे टिकण्याचा काळ धाडकन कोसळतो. क्षेत्र आणखी वाढवलं, पायऱ्या पुन्हा वेगळ्या झाल्या, की काळ परत रेघेवर. याला हॉट स्पॉट म्हणतात. मी वाचलं होतं. परीक्षेला विचारलं असतं तर दहापैकी दहा घेतले असते.

पाचवं रीडिंग चुकलेलं नव्हतं. त्या फाइलमध्ये कामाचं काही असेल तर तेवढं एकच होतं. खड्डा कुठल्या क्षेत्राला पडला त्यावरून व्हॅलीचं अंतर सरळ निघत होतं, आणि ते अंतर लहान निघालं की कारखान्याला कळतं, आपल्या थराची सीमा खडबडीत आहे. लहान अंतर म्हणजे वाईट क्यूबिट. हा डॉट वाईट होता. आणि हे सांगत होता एकटा तो ठिपका, जो मी तिला पुसायला लावला होता.

मी फोन हातात घेतला. तिचं नाव समोर आलं. आणि मग मला तो सरांचा आवाज आठवला, अगं, हे कसं सुचलं तुला. मी फोन पर्समध्ये टाकला.

मंगळवारी नाही केला. बुधवारी तिचाच आला. मला वाटलं, कळलं हिला. पण ती विचारत होती, की शनिवारी साडी नेसायची की ड्रेस चालेल, कॅमेऱ्यासमोर काय बरं दिसेल. मी म्हटलं, ड्रेस चालेल. "आणि आलेख?" मी विचारलं. हो, विचारलं! निर्लज्जपणाची कमाल. ती म्हणाली, "झाला ना ताई. मस्त स्मूथ आलाय. तुमच्यामुळे." मी म्हटलं, छान. आणि ठेवला.

त्याच आठवड्यात सरांनी दुसरं काम लावलं. शिफारसपत्रं. आमच्याकडे शिफारसपत्र म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं, सरांनी सही ठोकायची. सगळीकडे असंच चालतं. पण सरांचा निरोप आला, "स्वतःचं स्वतः लिहिलं की प्रत्येक जण थोर होतो, आणि तिकडच्यांना आता सगळी पत्रं सारखीच वाटायला लागलीत. या खेपेला एकमेकींचं लिहा. मी वाचून, खाली तसं नमूद करून पाठवीन."

एकमेकींचं! नशिबाने माझ्या हातात सुरीच दिली की.

मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. त्याची गरजच नव्हती. लिहिलं की मुलगी कष्टाळू आहे. नम्र आहे. आज्ञाधारक आहे, दिलेल्या सूचना तंतोतंत पाळते. इथे लग्नाच्या स्थळात हे लिहिलं असतं तर चार घरांतून फोन आले असते. पण तिकडच्या लॅबचा माणूस 'आज्ञाधारक' वाचून काय समजेल हे मला पक्कं माहीत होतं. इंग्रजी चांगलं आहे माझं. प्रत्येक वाक्य गोड होतं आणि प्रत्येक वाक्याने ती एक इंच खाली जात होती. पत्र सरांना पाठवलं आणि भाकरी थापायला उठले.

शनिवार आला. विभागातल्या छोट्या खोलीत पडद्यावर तिकडचे प्रमुख, उंच, पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. पहिली ती. छान बोलली. डॉट, गेट, मोजमाप, सगळं नीट. शेवटी आलेख आला: सहा ठिपके आणि त्यांतून गेलेली अशी देखणी रेघ, की आमच्या परीक्षकाने वहीच्या पाया पडावं.

प्रमुखांनी आलेखावरचे ठिपके बोटाने मोजले. मग म्हणाले, "मी सात रीडिंग पाठवली होती ना?"

तिने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. फार तर एक क्षण. त्या नजरेत आरोप नव्हता, ती नुसती वाट बघत होती, की ताई आता काहीतरी बोलतील.

ताई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसल्या होत्या.

"हो सर," ती पडद्याकडे वळून म्हणाली. "पाचवं मी काढून टाकलं. इतरांशी जुळत नव्हतं म्हणून. चूक माझी आहे."

माझं नाव नाही. 'कुणी सांगितलं म्हणून' एवढंसुद्धा नाही. सर मान खाली घालून पेनाशी खेळत होते.

मग मी उठले. माझे सातही ठिपके होते. खड्डा होता, व्हॅली होती, अंतराचा हिशेब होता, सीमेच्या खडबडीतपणावर दोन वाक्यं होती. प्रमुखांचा चेहरा खुलत गेला. म्हणाले, "ही चिप आमच्याकडे नापास झालेली आहे, आणि ती का नापास झाली ते या एका ठिपक्यात आहे. कारखान्याच्या चिपा येऊ लागल्यापासून असे शेकडो डॉट रोज मोजायला लागतात. जुळणारी रीडिंग यंत्रही ओळखतं. मला बघायचं होतं, की न जुळणाऱ्या रीडिंगपाशी थांबून प्रश्न कोण विचारतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान."

वीस वर्षांत कुणाला न मिळालेला शब्द. गोड लागायला हवा होता. तोंडात मारल्यासारखा लागला. कारण थांबली ती होती. प्रश्न तिनेच विचारला होता, पहिल्याच शनिवारी, दोनदा हिशेब करून. फक्त चुकीच्या बाईला विचारला.

बाहेर जिन्यात तिने मला गाठलं. डोळे लाल होते, पण आवाज साधा. "ताई, तुम्हाला कधी कळलं हो?"

"काल," मी म्हणाले.

"हां. मग फोन करायला वेळच नसेल मिळाला."

तिने टोमणा मारला असता तर मी भांडले असते. पण तिने खरं मानलं, निदान तसं दिसलं. तेवढ्यात सरांनी आतून हाक मारली. "पत्रं आत्ता पाठवतोय. कुणाला काही बदलायचंय का?"

मला बदलायचं होतं. एक शब्द बदलला असता, एक ओळ टाकली असती: हिने मला विचारलं होतं. ती माझ्याआधी म्हणाली, "नाही सर, माझं आहे तसंच राहू द्या." मग मीही म्हणाले, राहू द्या.

दहा-बारा दिवसांनी सरांचा फोन आला, कॉलेजमध्ये, दोन लेक्चरांच्या मधल्या सुट्टीत. "तुझं झालं. जागा तुला मिळाली. शनिवारी पेढे घेऊन ये." कॉमर्सच्या मॅडमनी मिठी मारली. आईला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली.

शनिवारी सरांनी एक पाकीट पुढे केलं. "व्हिसाच्या फायलीला लागेल. तुझं शिफारसपत्र आणि त्यांचा ईमेल." ईमेल आधी वाचला. लिहिलं होतं, की माझं विश्लेषण उत्तम होतं, पण दुसरी उमेदवारही हुशार आहे, आणि चूक कबूल करण्याची तिची पद्धत त्यांना आवडली. त्यामुळे निर्णय अवघड होता. परत येऊन जी इतरांना शिकवेल अशी व्यक्ती त्यांना हवी होती, आणि त्या बाबतीत माझ्याबद्दलच्या पत्राने त्यांचं मत ठरवलं.

मग तिचं पत्र काढलं. मी काढून टाक म्हणाले त्यानंतर आणि ती परीक्षेत उघडी पडली त्याआधी लिहिलेलं. इंग्रजी साधंच, दोन ठिकाणी चुकलेलं.

'या दर शनिवारी धुळ्याहून एसटीने येतात आणि आल्याबरोबर मी त्यांना माझ्या आठवडाभराच्या शंका विचारते. त्या थकलेल्या असतात तरी कधी नाही म्हणत नाहीत. माझ्या कामात काही जुळलं नाही तर मी सरांच्याही आधी यांच्याकडे जाते, कारण त्या माझ्या शंकांना हसत नाहीत आणि त्यांनी मला कधी चुकीचं सांगितलेलं नाही.'

समोर पेढ्यांचा डबा उघडा होता. ती आली, एक पेढा उचलला, "अभिनंदन ताई," म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. लॅपटॉप उघडला. त्या शनिवारी तिने मला एकही शंका विचारली नाही. पुढच्याही नाही.

मी गेले. का नाही जाणार? सहा महिने राहिले, यंत्र पाहिलं, सेन्सरची उडी पडद्यावर घडताना पाहिली. तिथली पोरं काही अडलं की माझ्याकडे यायची, आणि मी प्रत्येकाला सांगायचे, खोडू नकोस, आधी थांब. चांगलं शिकवते मी, तेही पत्रात लिहिल्यासारखंच. फक्त ते पत्र माझ्या फायलीत आहे आणि मी ते पुन्हा काढून वाचते. हेवा अजून आहेच. आता तो तिचा कमी वाटतो. जास्त वाटतो त्या बाईचा, जिच्याकडे ती पोरगी सरांच्याही आधी जायची.